निवडुंगाच्या नावाखाली

एका रोपवाटिकेच्या माहितीपत्रकात ‘निवडुंगाचे प्रकार’ या मथळ्याखाली तीन कुंड्यांचे छायाचित्र छापले आहे. वर्गात लावावे इतके ते देखणे आहे. पण आधी भिंगातून पाहावे. तिघांपैकी कॅक्टस एकच आहे आणि नेमके त्याच्याच खाली ‘बिनकाट्याचा’ असे लिहिले आहे!

गोंधळाला आपली भाषाही हातभार लावते. फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग ही नावे भावंडांसारखी वाटतात. प्रत्यक्षात फड्या हा अमेरिकेतून आलेला कॅक्टस, तर त्रिधारी हा एरंडाच्या कुळातला युफोर्बिया.

पहिल्या कुंडीत याच युफोर्बिया गटातील त्रिगोना आहे. जाड हिरवे खोड, तीन धारा, धारांवर काटे, कोणीही फसेल. पण काटे जोडीजोडीने आहेत आणि खोडाच्या धारेतूनच थेट निघालेले दिसतात. प्रत्येक जोडीपाशी चमच्यासारखे एक पान आहे. हे काटे म्हणजे पानाच्या देठाशी असणाऱ्या उपपर्णांचे रूपांतर. म्हणून ते दोन. खोडाच्या धारांवरून मात्र काहीच ठरत नाही. पाणी साठवताना फुगणारे आणि दुष्काळात आकसणारे खोड दोन्ही कुळांत स्वतंत्रपणे घडले आहे.

मधली कुंडी फड्याच्या नात्यातल्या ओपन्शिया मायक्रोडॅसिसची. चपट्या फडांवर ओळीने पिवळे मऊ ठिपके दिसतात. हा ठिपका म्हणजेच कॅक्टसची खूण, काट्यांची गादी. ती मुळात पानाच्या बेचक्यातील कळी, म्हणजे आखूड राहिलेली फांदी असते. म्हणून काटे, लव, फूल आणि नवा फड हे सारे तिच्यातूनच निघते. कोवळ्या फडावर गादीपाशी इवलेसे टोकदार पान असते, ते लवकर गळते. या जातीत लांब काटे सहसा नसतात, पण प्रत्येक गादीत उलट्या दातांच्या केसांसारख्या काट्यांचा झुबका असतो. बोट लागताच ते त्वचेत रुततात आणि सहज निघत नाहीत. ‘बिनकाट्याचा’ वाचून मुले याच कुंडीला हात लावतील, ही खरी हरकत.

तिसरी हावर्थिया. हिच्यात खोड जवळजवळ दिसतच नाही. पाणी साठते ते पानांत. पांढरे ठिपके पानांवरचे उंचवटे आहेत, गाद्या नव्हेत.

छपाई पुसट असेल तर गादी दिसत नाही. अशा वेळी नवा कोंब किंवा फूल कोठून निघाले ते पाहावे. तेही स्पष्ट नसेल तर नाव देऊ नये. प्रत्यक्ष रोपाला टोचून चीक पाहण्याचा उपाय मात्र मुलांना सांगू नये. युफोर्बियाचा चीक डोळ्यांना घातक आहे, आणि मॅमिलेरिया या खऱ्या कॅक्टसच्या काही जातींतही पांढरा चीक असतो.