डिगल आला, पण कुठून?

‘सुपरमॅन अँड लोइस’च्या पहिल्या सीझनमध्ये (२०२१) जॉन डिगल येऊन गेला आणि ॲरोव्हर्सवाले खूश झाले. डिगल म्हणजे ‘ॲरो’मधला ऑलिव्हर क्वीनचा जोडीदार. तो इथे आला म्हणजे क्लार्क, बॅरी, कारा सगळे एकाच पृथ्वीवर राहतात, प्रश्नच मिटला. शिवाय टायलर हॉकलिनचा सुपरमॅन मुळात ‘सुपरगर्ल’मध्येच २०१६ साली पहिल्यांदा दिसला होता. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या शेवटी वेगवेगळ्या पृथ्व्या एक झाल्या, आणि आपल्याला एक नाही, दोन मुलगे आहेत हे त्याला फोनवर कळलं. नव्या मालिकेत ते दोन मुलगे, जोनाथन आणि जॉर्डन, हजर. इतका पुरावा असल्यावर शंका कोण घेणार?

पण हा पुरावा कच्चा आहे. या मालिकांमध्ये चेहऱ्यावरून विश्व ओळखता येत नाही. ब्रँडन राऊथ ‘लेजंड्स ऑफ टुमॉरो’त रे पामर आहे आणि ‘क्रायसिस’मध्ये दुसऱ्याच पृथ्वीवरचा सुपरमॅनही. पाहुणा कलाकारही फारसं सिद्ध करत नाही. माझ्या मते त्याहून भरवशाची एक खूण आहे: हिरोचं गुपित कोणाकोणाला ठाऊक आहे ते मोजायचं.

‘सुपरगर्ल’ घ्या. कारा डॅनव्हर्स हीच सुपरगर्ल आहे हे बहीण ॲलेक्सला माहीत, विनला माहीत, जेम्सला माहीत, जॉन जॉन्झला माहीत. पुढे ब्रेनी आणि निया यांनाही. फ्लॅशची टीम तर पाहुणी येते तीही सगळं जाणून. राहिली कोण? जिवलग मैत्रीण, लीना लूथर. चौथ्या सीझनच्या शेवटी (२०१९) मरता मरता लेक्स तिला ते सांगतो. पाचव्या सीझनच्या सुरुवातीला कारा रडत रडत स्वतः कबुली देते, तेव्हा लीनाला ते आधीच कळलेलं असतं, आणि ती तसं दाखवत नाही. मालिकेतला हा सगळ्यात चांगला भाग. कारण ‘तुझ्या सुरक्षेसाठी लपवलं’ हे काराचं म्हणणं तिथे उघडं पडतं. बाकी सगळ्यांना सांगितलंस तेव्हा त्यांची सुरक्षा कुठे गेली होती? ‘द फ्लॅश’च्या पहिल्या सीझनमध्ये आयरिसचंही हेच झालं. आजूबाजूच्या जवळपास सगळ्यांना कळल्यावर तिला कळलं. गर्दीच्या विश्वात गुपित असंच होतं. ते कोणाला वाचवत नाही, फक्त कोणाला तरी दाराबाहेर उभं ठेवतं.

आता क्लार्ककडे या. पहिल्याच भागात तो आपल्या मुलांना खरं सांगतो, आणि आजवर बाप खोटं बोलत होता म्हणून मुलं चिडतात. लोइसला माहीत आहे, सासऱ्यांना माहीत आहे. यादी इतकी छोटी. म्हणून दुसऱ्या सीझनमध्ये तो लाना लँगला सांगतो तेव्हा तो प्रसंग जड होतो. लाना ही लहानपणची मैत्रीण, तिच्या मुलीचं, साराचं, जॉर्डनशी जमलेलं. एका वाक्यात लानाची मागची सगळी वर्षं बदलतात. ती कौतुक करत नाही, दुखावते आणि अंतर ठेवते.

याच गावात चुलतबहीण कारा अधूनमधून उडत आली असती तर? क्लार्कला मन मोकळं करायला आपल्याच ग्रहाचं, आपल्याच रक्ताचं माणूस मिळालं असतं. संकट आलं की ‘बाकीच्यांना का बोलवत नाहीस?’ हा प्रश्न प्रत्येक भागात उभा राहिला असता. मालिका काराचं नावही काढत नाही. दुसऱ्या सीझनच्या अखेरीस (२०२२) तर स्पष्टच केलं, ही पृथ्वी वेगळी, इथे असे इतर हिरो नाहीत. बऱ्याच जणांना तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. मला वाटतं निर्णय योग्य होता, सांगायला उशीर झाला एवढंच. गुपितांची यादी नीट पाहिली असती तर हे पहिल्या सीझनमध्येच लक्षात आलं असतं.

डिगलचा धागा मात्र लोंबकळतच राहतो. हा त्या पृथ्वीवरचा दुसरा डिगल, असं म्हणून तो बसवता येतो, पण ते ठिगळच. ॲरोव्हर्सच्या प्रेक्षकांना ओढण्यासाठी त्याला आणला असावा असंच वाटतं.

दोन्ही मालिकांचा शेवट शेजारी ठेवून पाहा. २०२१ मध्ये कारा जगासमोर आपली ओळख उघड करते. २०२४ मध्ये, शेवटच्या सीझनमध्ये, क्लार्कही तेच करतो. कृती तीच. पण काराच्या वेळी जवळची सगळी माणसं आधीच आत आलेली असतात, लीनासुद्धा. उरलेलं असतं ते अनोळखी जग. क्लार्कच्या वेळी स्मॉलव्हिलमधले शेजारी असतात, त्याला वर्षानुवर्षं चष्म्यातच पाहिलेले.