रवळनाथ की खळनाथ? तिरक्या फोटोतली पाटी वाचताना

दुकानाच्या पाट्यांचे फोटो हल्ली पुष्कळ निघतात. हाताने रंगवलेल्या पाट्या कमी होत चालल्यामुळे त्यांची नोंद ठेवावी असं अनेकांना वाटतं, आणि ते योग्यच आहे. पण या फोटोंखाली जे लिहिलं जातं ते वाचताना एक शंका पुन्हा पुन्हा येते. ‘अक्षरं पुढे पुढे कशी धावत जातात पाहा’, ‘शब्दांमधली मोकळीक पेंटरने मुद्दाम काढून टाकली आहे’ अशी वाक्यं त्यात असतात. हे धावणं पेंटरचं आहे की फोटो काढणाऱ्याच्या उभं राहण्याच्या जागेचं, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

जुन्या पेठेतल्या गल्लीत पाटीसमोर मागे सरकायला जागा नसते. मागे भिंत, नाहीतर समोरचं दुकान. म्हणून माणूस बाजूला जातो आणि गल्लीच्या दिशेने कॅमेरा धरून पाटी तिरकी टिपतो. अशा फोटोत तीन हातांचं काम एकात एक मिसळलेलं असतं. एक, पेंटरची शैली: फुगवलेल्या गाठी, लांबवलेल्या शेपट्या. दोन, त्याने सोडलेलं अंतर, जे पुष्कळदा असमानच असतं. आणि तीन, कोनाने केलेली ओढाताण. पाटीबद्दल काही म्हणायचं तर तिसरा हात आधी बाजूला काढावा लागतो. तो काढता येतो, कारण तिघांमध्ये नियमाने वागणारा तो एकटाच आहे.

तो नियम साधा आहे. सपाट पाटी बाजूने पाहिली की दूरच्या टोकाकडे अक्षरांची उंची कमी होते, हे सगळ्यांनाच दिसतं. रुंदी मात्र त्याहून वेगाने कमी होते, कारण तिच्यावर दोन गोष्टींचा मारा असतो. अक्षर लांब गेल्यामुळे ते लहान दिसतं आणि नजर आणखी तिरकी झाल्यामुळे ते चपटंही होतं. कॅमेरा सरळ, म्हणजे वर-खाली न कलवता धरला असेल तर हिशेब नेमका बसतो: उंची निम्मी झाली की रुंदी पाव होते, उंची दोन तृतीयांश झाली की रुंदी चार नवमांश. उंचीच्या प्रमाणाचा वर्ग केला की रुंदीचं प्रमाण मिळतं.

रस्त्यावर ‘सावकाश’ लिहिणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणून तो अक्षरं विचित्र वाटावीत इतकी लांबुडकी काढतो. गाडीतून तिरकं पाहणाऱ्याला ती बेताची दिसतात. दुकानाची पाटी रंगवणारा समोरच्या गिऱ्हाइकासाठी लिहितो. बाजूने काढल्या जाणाऱ्या फोटोचा विचार त्याने केलेला नसतो.

आता नमुन्यादाखल एक पाटी घेऊ. सहा फूट लांब, त्यावर एका ओळीत ‘श्री रवळनाथ खानावळ’. रवळनाथ हे दैवत सिंधुदुर्गात, आजऱ्याकडे आणि गोव्यात सर्वांच्या ओळखीचं. त्या भागातून आलेल्या माणसाने मुंबईत खानावळ काढून हे नाव द्यावं यात नवल नाही. फोटो डाव्या बाजूने काढलेला आहे. छापलेल्या प्रतीवर मोजलं तर पाटीच्या चौकटीची डावी कड ८० मिलिमीटर, उजवी ४० आणि मधली लांबी १२० मिलिमीटर.

पहिली तपासणी पट्टीशिवाय होते. चौकटीचे चारही कोपरे दिसत असतील तर दोन कर्ण काढावेत. ते जिथे छेदतात तो पाटीचा खरा मध्य, फोटो कितीही तिरका असला तरी. आपल्या पाटीत हा छेद डाव्या कडेपासून ८० मिलिमीटरवर पडतो. म्हणजे पाटीच्या पहिल्या अर्ध्याने फोटोचा दोन तृतीयांश भाग व्यापला आणि उरलेल्या अर्ध्याला एक तृतीयांशात बसावं लागलं. ‘नाथ’ आणि ‘खानावळ’ यांच्यामध्ये पेंटरने चांगली सात इंच जागा सोडली आहे. ती या मध्याच्या जरा पलीकडे असल्यामुळे फोटोत नऊ मिलिमीटरच उरते. अलीकडच्या ‘रवळ’मधला एकटा ‘व’ फोटोत अकरा मिलिमीटर रुंद आहे. डोळा अलीकडच्या अक्षरावरून माप ठरवतो आणि त्या मापाने पाहिलं तर पलीकडचे शब्द चिकटलेले वाटतात. ‘मोकळीक मुद्दाम काढून टाकली’ हे वाक्य बहुधा इथेच जन्माला येतं.

दुसरा प्रश्न अक्षराचा. मराठीत आज ‘ख’ लिहिताना त्याच्या ‘र’सारख्या भागाचं खालचं टोक उभ्या दांड्याच्या तळाशी जोडतात, म्हणजे ते ‘रव’ वाचलं जाऊ नये. पण पाटीवरच्या नटव्या अक्षरात हा जोड पुष्कळदा गळतो, आणि दोघांना वेगळं ठेवणारं फक्त अंतर उरतं. आपल्या पाटीवर दोन्ही आहेत: अलीकडे ‘रव’, पलीकडे ‘ख’. अंतरावर विश्वास ठेवायचा तर आधी पेंटरचं माप कळायला हवं.

त्यासाठी एकच अक्षर दोन ठिकाणी शोधावं. इथे ‘व’ दोनदा आला आहे. अलीकडच्या ‘व’पाशी चौकटीची उंची ६६ मिलिमीटर, पलीकडच्या ‘व’पाशी ४३. प्रमाण सुमारे ०.६५, त्याचा वर्ग ०.४२. अलीकडचा ‘व’ अकराच्या थोडा वर आहे, तेव्हा पलीकडचा पाच मिलिमीटरच्या आसपास भरायला हवा. मोजला तर तेवढाच भरतो. म्हणजे पेंटरने दोन्ही ‘व’ सारख्याच रुंदीचे काढले होते. मग ‘रव’कडे वळावं. अलीकडची जोडी २१ मिलिमीटर रुंद आहे आणि तिथे चौकट ६७ मिलिमीटर उंच. पलीकडच्या शंकास्पद आकारापाशी ती ४८ आहे. तोच हिशेब केला तर तिथे ‘रव’ असता तर तो अकरा मिलिमीटर रुंद दिसला असता. प्रत्यक्षात आकार सात मिलिमीटरचा आहे. तो ‘ख’ आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘रवानावळ’ असा शब्दच नाही, मग मोजायचं कशाला? खानावळीसाठी नसेलही मोजायचं. पण पाटीवर नावं असतात, आणि नावाला शब्दकोशाचा आधार नसतो. ‘रवळनाथ’ ज्याच्या कानावर कधी पडलेला नाही तो ‘खळनाथ’ वाचून पुढे जातो आणि फोटोखाली तेच लिहितो. एकदा लिहिलं की पुढचा माणूस तो फोटो ‘रवळनाथ’ म्हणून शोधेल तेव्हा त्याला तो सापडणार नाही. तीच गत ‘थ’ आणि ‘य’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांची. या जोड्यांमधला फरक डाव्या खांद्यापाशी असतो, शिरोरेघेतल्या छोट्या खिंडीत आणि गाठीत. आडवी रुंदी पावपट झाली की सगळ्यात आधी ही खिंड बुजते.

आता मूळच्या प्रश्नाकडे येऊ: धावणं कुणाचं? मोजमाप न करता, खडूने आखून न घेता लिहिणाऱ्या पेंटरची जागा शेवटी संपते आणि तो अखेरची तीन-चार अक्षरं दाटीवाटीने बसवतो. असमान अंतराचं हे फार जुनं कारण. वरवर पाहता ही दाटी आणि कोनाची दाटी सारखीच दिसतात, त्यातही दोन्ही उजव्या टोकाला आल्या की हमखास फसगत. पण पेंटरकडे जागा कमी पडते ती आडवी. उंची त्याच्या हातात पूर्ण असते, म्हणून तो अक्षरं अरुंद करतो, बुटकी करत नाही. कोन दोन्ही करतो, आणि ठरलेल्या प्रमाणात करतो. आपला दूरचा ‘व’ पाचाऐवजी तीन मिलिमीटर भरला असता तर ते जास्तीचं आकसणं पेंटरचं. तेव्हा त्याबद्दल जे म्हणायचं ते खुशाल म्हणावं. कोनाने होणारा बदल पाटीभर क्रमाने चालतो, हाताने होणारा बदल एखाद्या जागी अडखळतो.

हा हिशेब लावून पाहिलं तर कौतुकाची बरीच वाक्यं गळून पडतात. त्यांच्या जागी वेगळ्या गोष्टी दिसू लागतात. आपल्या पाटीत एक आहे: दोन्ही ‘व’ सारखे. सहा फुटांच्या पाटीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत अक्षराचं माप धरून ठेवलंय, म्हणजे पेंटरने आधी आखणी केली होती. तिरक्या फोटोत ज्याला धाव म्हटलं गेलं ते प्रत्यक्षात शांत, समान चालीचं काम होतं.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. फोटोचे चार कोपरे ओढून पाटी सरळ करणारी सोय आता फोनमध्येही मिळते आणि ती हाच नियम उलटा चालवते. पण ती पाटी सपाट आहे असं धरून चालते. उठावाच्या अक्षरांच्या पाटीला ते लागू नाही. साठ अंश तिरकं पाहिलं तर अक्षराच्या तोंडाचा एक इंच अर्ध्या इंचाएवढा दिसतो आणि जाडीचा एक इंच मात्र जवळजवळ पाऊण इंचाहून जास्त. अक्षराची बाजूच शेजारची फट झाकते, आणि झाकलेलं ओढून परत येत नाही. मुळातच पोटं बुजत आलेल्या, ‘मोदक’ टंकासारख्या गुबगुबीत अक्षरांचंही तसंच. शिवाय दूरच्या टोकाला चार-पाच मिलिमीटरमध्ये जेवढा तपशील टिपला गेला तेवढाच ताणला जातो. सरळ केलेली पाटी नीटनेटकी दिसते, म्हणून तिच्यावर जास्त विश्वास बसतो, तिथे जपून राहावं.

आणि आणखी एका जागी हा प्रश्न निव्वळ रसास्वादाचा राहत नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. पाटीवर डावीकडे मराठी आणि उजवीकडे इंग्रजी असेल तर डावीकडून काढलेला फोटो दुकानदाराला निर्दोष ठरवतो आणि उजवीकडून काढलेला दोषी. तिथेही आधी चौकटीची उंची दोन्ही ठिकाणी मोजावी, मग अक्षरांची.

पाटीखाली कोपऱ्यात पेंटरची बारीक सही असते, बहुतेक वेळा उजव्या हाताला. डावीकडून काढलेल्या फोटोत पहिल्यांदा नाहीशी होते ती हीच. म्हणून फोटो तिरकाच काढावा लागला तर दोन काढावेत, एक या टोकाकडून आणि एक त्या. दोन्ही फोटोंत मिळून पाटीचं प्रत्येक अक्षर एकदा तरी जवळ येतं, आणि ती लिहिणाऱ्याचं नावही.