उरलेले आकडे काय सांगतात?

संख्याशास्त्राच्या पदवी पातळीवरील बहुतेक पाठ्यपुस्तकांत ‘क्रमिक सहसंबंध’ नावाचे एक प्रकरण असते. त्याची मांडणी जवळजवळ ठरलेली आहे. आधी दोषाची व्याख्या, मग तो ओळखण्याची डर्बिन-वॉटसन कसोटी, आणि शेवटी कॉक्रन-ऑर्कट यांचा उपाय. लक्षण, तपासणी, औषध असा हा क्रम आहे. त्यातले गणित बिनचूक असते, उदाहरणेही सुटतात. तरीही आमचे म्हणणे असे की या मांडणीतून सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गळून पडतो. तो प्रश्न म्हणजे, हा सहसंबंध आला कोठून? हा प्रश्न न विचारता औषध दिले तर काय होते, ते एका खऱ्या आकडेवारीवर करून पाहू. वर्गात कागद-पेन्सिलीने करता येईल इतके हे गणित सोपे आहे.

हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून हवेतील कार्बन डायॉक्साइड मोजला जातो. चार्ल्स कीलिंग यांनी हे काम सुरू केले. १९६० पासून दर दहा वर्षांनी घेतलेली वार्षिक सरासरी, हवेच्या दर दशलक्ष भागांमागे किती भाग या एककात आणि पूर्णांकात, अशी आहे: १९६० साली ३१७, १९७० साली ३२६, १९८० साली ३३९, १९९० साली ३५४, २००० साली ३७०, २०१० साली ३९० आणि २०२० साली ४१४.

या सात बिंदूंमधून लघुतम वर्ग पद्धतीने एक सरळ रेषा काढू. हेच समाश्रयण, म्हणजे आपण ज्याला रिग्रेशन म्हणतो ते. रेषेचा चढ दर दशकाला सुमारे १६.१ भाग येतो. एकूण चढउतारापैकी जवळजवळ ९८ टक्के भाग या रेषेने समजावून सांगितला जातो. इतका मोठा आकडा पाहिला की विद्यार्थी समाधानाने वही मिटतो. आपण मात्र मिटायची नाही, कारण रेषेने जे सांगितले नाही ते अजून पाहायचे आहे.

प्रत्येक वर्षाच्या खऱ्या आकड्यातून रेषेवरचा आकडा वजा केला की जे उरते त्याला अवशेष म्हणतात. आपले सात अवशेष क्रमाने असे येतात: +६.६, −०.४, −३.५, −४.६, −४.६, −०.७, +७.२. चिन्हांकडे पाहा. सुरुवातीला अधिक, मग सलग पाच वेळा उणे, शेवटी पुन्हा अधिक. उणे अवशेषाच्या शेजारी बहुतेक उणेच अवशेष आहे. अवशेष शेजाऱ्याच्या वळणावर जाऊ लागले की त्यालाच क्रमिक सहसंबंध म्हणतात.

यात बिघडते काय? लघुतम वर्ग पद्धतीने चढाची जी प्रमाण त्रुटी काढली जाते, तिच्यामागे एक गृहीत असते. प्रत्येक निरीक्षणाची चूक दुसऱ्या निरीक्षणाच्या चुकीपासून स्वतंत्र आहे, असे ते गृहीत. शेजारी निरीक्षणे एकसारखी चुकत असतील तर साठ निरीक्षणे म्हणजे साठ स्वतंत्र साक्षी नव्हेत. समजा लगतच्या चुकांमधला सहसंबंध ०.६ आहे आणि पुढच्या प्रत्येक पावलाला तो ०.६ पटीने घटत जातो. तर सरासरी काढण्यापुरते अशा साठ निरीक्षणांचे मोल सुमारे पंधरा स्वतंत्र निरीक्षणांइतकेच उरते आणि खरी प्रमाण त्रुटी नेहमीच्या सूत्रापेक्षा दुप्पट असते. म्हणजे आपण आपल्या उत्तरावर वाजवीपेक्षा दुप्पट विश्वास ठेवून बसतो.

आता तपासणी. जेम्स डर्बिन आणि जेफ्री वॉटसन यांनी १९५० आणि १९५१ मध्ये मांडलेली कसोटी अगदी साधी आहे. प्रत्येक अवशेषातून त्याच्या आधीचा अवशेष वजा करा, त्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या आणि तिला अवशेषांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. उत्तर ० ते ४ यांच्या दरम्यान येते. शेजाऱ्यांचा संबंध नसेल तर ते २ च्या आसपास असते, आणि शेजारी एकमेकांसारखे असतील तर २ च्या बरेच खाली जाते. आपल्या अवशेषांसाठी फरकांच्या वर्गांची बेरीज सुमारे १३९ आणि अवशेषांच्या वर्गांची सुमारे १५१.६ येते. भागाकार ०.९२.

कोष्टक उघडले तर सात निरीक्षणांसाठी पाच टक्के पातळीवर दोन सीमा दिसतात, ०.७० आणि १.३६. खालच्या सीमेपेक्षा कमी आले तर सहसंबंध आहे, वरच्या सीमेपेक्षा जास्त आले तर तसा पुरावा नाही, आणि मध्ये आले तर कसोटी निर्णय देत नाही. आपले ०.९२ नेमके मध्येच पडते. कोष्टक गप्प आहे, पण अवशेषांचा आलेख मात्र वाटीसारखा स्पष्ट दिसतो. म्हणून आमचा पहिला आक्षेप असा की पुस्तके कसोटी आधी शिकवतात आणि आलेख नंतर, किंवा शिकवतच नाहीत. क्रम उलटा हवा.

याच कसोटीची आणखी एक मर्यादा याच आकडेवारीत दिसते. ती फक्त लगतच्या शेजाऱ्याकडे पाहते. मौना लोआचे मासिक आकडे घेतले तर त्यांत वनस्पतींच्या वाढीमुळे दरवर्षी मे महिन्यात शिखर आणि शरदात तळ येतो. अशा मालिकेत या महिन्याचे नाते बारा महिन्यांपूर्वीच्या महिन्याशीही असते. ते नाते शोधायचे तर बारा पावले मागचा सहसंबंध वेगळा काढून पाहावा लागतो.

आता औषध. डोनाल्ड कॉक्रन आणि गाय ऑर्कट यांचा १९४९ चा उपाय असा: लगतच्या अवशेषांमधला सहसंबंध काढायचा, प्रत्येक आकड्यातून आधीच्या आकड्याचा तेवढा अंश वजा करायचा आणि अशा बदललेल्या आकड्यांतून पुन्हा रेषा काढायची. आपल्या मालिकेत हा सहसंबंध ०.२२ येतो. मालिका लांब असेल तर डर्बिन-वॉटसनचे उत्तर ‘२ वजा या सहसंबंधाची दुप्पट’ याच्या जवळ असते. इथे ते जुळत नाही, कारण सातच बिंदू आहेत आणि टोकाचे दोन अवशेष फार मोठे आहेत. असो. ०.२२ घेऊन पुढे गेलो तर नवे सहा अवशेष मिळतात: +३.१, −०.१, −२.१, −३.६, −१.३, +४.१. कसोटीचा आकडा ०.९२ वरून १.१ वर चढतो. पण चिन्हे पाहा. अधिक, मग चार उणे, पुन्हा अधिक. वाटी होती तिथेच आहे, फक्त उथळ झाली आहे.

असे झाले याचे कारण इथे चुका एकमेकींना चिकटलेल्या नव्हत्याच. आपण निवडलेला आकार चुकीचा होता. कार्बन डायॉक्साइड दर दशकाला सारखा वाढत नाही, वाढीचा वेगच वाढतो आहे. रेषेऐवजी वर्गपद घेऊन वक्र काढला तर अवशेष असे येतात: ०.०, −०.४, +०.५, +०.८, −०.६, −०.७, +०.५. कसोटीचा आकडा २.०८. कोणताही उपाय न करता सहसंबंध नाहीसा झाला.

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. आपली सरळ रेषा २०३० सालासाठी ४२३ भागांचे भाकीत करते. मौना लोआची २०२४ ची वार्षिक सरासरी सुमारे ४२४.६ होती, म्हणजे रेषेने २०३० साठी सांगितलेली पातळी सहा वर्षे आधीच ओलांडली गेली. २०२४ साठी वक्र ४२३.३ सांगतो, रेषा ४१३.२. मोठे संकट छोटे दाखवण्याची ताकद त्या ९८ टक्क्यांच्या रेषेत होती, आणि ते आधीच ओळखण्याची खूण अवशेषांच्या चिन्हांत होती.

मग कॉक्रन-ऑर्कट आणि इतर उपाय निरुपयोगी समजायचे का? मुळीच नाही. आकार बरोबर असूनही अवशेष शेजाऱ्यासारखे वागत असतील तर त्यांची खरी गरज असते. कार्बन डायॉक्साइडच्याच बाबतीत दोन कारणे सांगता येतात.

पहिले कारण साठ्याचे. हवेत गेलेला वायू लगेच नाहीसा होत नाही. एखाद्या वर्षी जास्त भर पडली तर पुढची अनेक वर्षे पातळी थोडी वरच राहते. चुका साचत जातात. अशा वेळी पातळीऐवजी तिच्यात झालेली वाढ अभ्यासावी, म्हणजे लगतच्या आकड्यांचे फरक घ्यावेत. आपल्या मालिकेचे फरक ९, १३, १५, १६, २०, २४ असे आहेत. साठ्याचा प्रश्न तर सुटतोच, शिवाय जो वक्र शोधायला आपल्याला इतके गणित लागले तो या सहा आकड्यांत उघड दिसतो.

दुसरे कारण रेंगाळणाऱ्या घटनांचे. एल निन्योच्या काळात उष्ण कटिबंधात दुष्काळ आणि वणवे वाढतात आणि हवेतल्या वायूची वाढ अनेक महिने जास्त राहते. उलट १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाल्यावर काही काळ ही वाढ मंदावली. मासिक वाढीचे गणित मांडले तर अशा घटना लागोपाठच्या महिन्यांच्या अवशेषांना एकाच बाजूला ढकलतात. इथे रेषेचा चढ साधारणपणे ठीक असतो, चुकते ती त्याची प्रमाण त्रुटी. म्हणून चढ तसाच ठेवून फक्त त्रुटी दुरुस्त करणारी पद्धत पुरते. व्हिटनी न्यूवी आणि केनेथ वेस्ट यांनी १९८७ मध्ये दिलेली पद्धत हेच करते. किती महिने मागे पाहायचे ते मात्र आपल्यालाच ठरवावे लागते, आणि मालिका आखूड असेल तर ही पद्धतही त्रुटी कमीच दाखवते. सहसंबंधाचे स्वरूप नीट माहीत असेल तर कॉक्रन-ऑर्कटची पद्धत चढही अधिक अचूक काढते.

पाठ्यपुस्तकांवर आमचा आक्षेप एवढाच की हे तिन्ही प्रसंग ती एकाच औषधाखाली बसवतात. आकार चुकला असेल तर आकार बदला, चुका साचत असतील तर फरक घ्या, आणि घटना रेंगाळत असतील तर त्रुटी दुरुस्त करा. यांपैकी काय लागू पडते ते कसोटीचा आकडा सांगू शकत नाही, कारण तिन्ही प्रसंगी तो २ च्या खालीच असतो. ते ठरवण्यासाठी अवशेषांचा आलेख काढावा लागतो आणि आकडे ज्या गोष्टीचे आहेत त्या गोष्टीविषयी थोडी माहिती असावी लागते. वर्गात हे प्रकरण शिकवताना वरचे सात आकडे फळ्यावर लिहावेत, रेषा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावी आणि कोष्टक उघडण्याआधी अवशेषांची चिन्हे मोठ्याने वाचायला सांगावीत.