संत्र्याच्या गोष्टीत न येणारे दूधवाल्याचे गणित
‘गेटिंग टू येस’ या पुस्तकाची एक समीक्षा

प्रस्तावना

वाटाघाटींवरचा कोणताही अभ्यासक्रम घ्या, त्यात संत्र्याची गोष्ट हमखास भेटते. दोन मुले एका संत्र्यासाठी भांडतात. शेवटी संत्रे अर्धे-अर्धे कापले जाते. एक मूल गर खाऊन साल फेकून देते. दुसऱ्याला केकसाठी साल हवी असते, म्हणून ते गर फेकून देते. ‘कशासाठी हवे?’ एवढे विचारले असते, तर एकाला सगळा गर आणि दुसऱ्याला सगळी साल मिळाली असती. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गेटिंग टू येस’ या पुस्तकामुळे ही गोष्ट जगभरच्या वर्गांत पोहोचली.

या टिपणात आपण त्या पुस्तकातील एकाच विचाराची तपासणी करणार आहोत. दोन्ही बाजूंना वाटून घेता येईल असा फायदा समोर असूनही तो का दिसत नाही, हे पुस्तक चांगले सांगते. तो फायदा सापडल्यावर कोणाला किती मिळतो, या प्रश्नावर मात्र ते फार लवकर समाधान मानते.

दोन प्रकारच्या वाटाघाटी

वितरणात्मक वाटाघाटीत एका बाजूला जेवढे जास्त मिळते, तेवढेच दुसऱ्या बाजूचे कमी होते. जुन्या सायकलची किंमत ठरवणे हे त्याचे साधे उदाहरण. समन्वयात्मक वाटाघाटीत एकाहून अधिक मुद्दे असतात आणि दोन्ही बाजूंना त्यांचे महत्त्व सारखे नसते. त्यामुळे देवाणघेवाण करून दोघांचीही स्थिती सुधारता येते. कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यातील वाटाघाटींचा अभ्यास करताना वॉल्टन आणि मॅककर्सी यांनी १९६५ साली हा भेद नेमकेपणाने मांडला. एकाच वाटाघाटीत हे दोन्ही व्यवहार एकाच वेळी चालू असतात, हेही त्यांनी दाखवले. पुढे हाच मुद्दा आपल्याला लागणार आहे.

‘भाकरी ठरलेलीच आहे, माझा तुकडा मोठा झाला की समोरच्याचा लहान होणार’ हे गृहीतक मनात धरून टेबलाशी बसणे म्हणजे ठरलेल्या भाकरीचा समज. ली थॉम्पसन आणि रीड हेस्टी यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बहुतेक सहभागी हाच समज घेऊन बसले होते. ज्यांनी सुरुवातीच्या काही मिनिटांत तो दुरुस्त केला, त्यांच्या पदरात जास्त पडले. अशा प्रयोगांत एखाद्या मुद्द्यावर दोघांनाही एकच गोष्ट हवी असेल अशी रचना मुद्दाम केलेली असते. तरीही काही जोड्या मधला मार्ग काढून, दोघांनाही नको असलेल्या तोडग्यावर सही करून मोकळ्या होतात.

एक उदाहरण, आकड्यांसह

संत्र्याच्या गोष्टीतून हा समज कळतो, पण रोजच्या व्यवहारात साल आणि गर इतके स्वच्छ वेगळे होत नाहीत. म्हणून एक काल्पनिक, पण व्यवहाराला धरून असलेले उदाहरण पाहू.

समजा, एका वसतिगृहाची खाणावळ रोज १०० लिटर, म्हणजे महिन्याला ३,००० लिटर दूध घेते. दर ५८ रुपये. महिन्याचे बिल १,७४,००० रुपये होते आणि ते दोन महिन्यांनी चुकते होते. आता दूधवाला ६० रुपये मागतो, व्यवस्थापक ५६ वर अडून बसतात. ‘जाऊ द्या, ५८च राहू द्या,’ म्हणून दोघे उठतात. हा तोडगा वाजवी दिसतो, कारण दोघेही दोन-दोन रुपये सरकले.

आता दोघांची बाजू पाहा. दूधवाल्याला शेतकऱ्यांचे पैसे वेळेवर द्यावे लागतात, म्हणून तो महिना २ टक्के व्याजाने उचल घेतो. दोन महिन्यांच्या उधारीसाठी त्याला ४ टक्के, म्हणजे ६,९६० रुपये मोजावे लागतात. खाणावळीकडे मुलांची फी सत्राच्या सुरुवातीलाच जमा होते आणि बँकेत साधारण महिना अर्धा टक्का व्याज मिळवते. बिल दोन महिने अडवून खाणावळीला मिळतात १ टक्का, म्हणजे १,७४० रुपये. या दोन रकमांतला फरक, म्हणजे ५,२२० रुपये, दर महिन्याला दोघांच्याही हातून निसटून सावकाराकडे जातो. दरावर कितीही घासाघीस केली तरी तो परत मिळणार नाही, कारण तो दरात नसून पैसे देण्याच्या मुदतीत आहे.

बिल निघताच पैसे देण्याचे ठरले, तर हिशेब बदलतो. उधारीवरचे ५८ रुपये दूधवाल्याला रोखीच्या ५५ रुपये ६८ पैशांइतकेच पडतात. खाणावळीला तेच ५८ रुपये रोखीच्या ५७ रुपये ४२ पैशांइतके पडतात. या दोन आकड्यांच्या मधला कोणताही दर दोघांनाही आजच्यापेक्षा फायद्याचा आहे. समजा ५६ रुपये ५० पैसे ठरले, तर दूधवाल्याला महिन्याला २,४६० रुपये आणि खाणावळीला २,७६० रुपये जास्त सुटतात. दूधवाल्याचा दर उतरला आणि तरी त्याची कमाई वाढली.

इथे दोघांना वेगवेगळ्या वस्तू नको होत्या. दोघांनाही पैसेच हवे होते, पण वेळेची किंमत दोघांना वेगळी पडत होती. खऱ्या करारांत लपलेला फायदा बहुधा अशाच फरकांतून निघतो. कोणाला घाई असते, कोणाला जोखीम पेलवत नाही, कोणाला भविष्याविषयी वेगळा अंदाज असतो. दोन्ही बाजूंची गरज तंतोतंत सारखी असती, तर बदलाबदलीला वावच उरला नसता.

पुस्तक जिथे थांबते

संत्र्याच्या गोष्टीत गर एकाचा, साल दुसऱ्याची झाल्यावर वाटायला काही उरतच नाही. म्हणूनच ती गोष्ट इतकी समाधान देते. दूधवाल्याच्या उदाहरणात ५,२२० रुपये सापडल्यावर नवा प्रश्न उभा राहतो. दर ५५ रुपये ७५ पैसे ठरला, तर दूधवाल्याच्या वाट्याला महिन्याला फक्त २१० रुपये येतात आणि ५,०१० रुपये खाणावळ नेते. भाकरी मोठी झाली, पण तिचे तुकडे करणे ही पुन्हा वितरणात्मक वाटाघाटच आहे.

त्यात एक पेच आहे. ‘मी २ टक्क्यांनी उचल घेतो’ हे दूधवाल्याने सांगितल्याशिवाय फायदा दिसणार नाही. पण ते सांगितले, की तो किती खाली येऊ शकतो हे व्यवस्थापकांना कळते. फायदा निर्माण करणारी माहितीच तो हिसकावण्याचे साधन बनते. डेव्हिड लॅक्स आणि जेम्स सेबेनियस यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात हाच पेच मध्यवर्ती ठेवला. त्याआधी १९८४ साली जेम्स व्हाइट या कायद्याच्या प्राध्यापकांनी ‘गेटिंग टू येस’वर हाच आक्षेप घेतला होता, की वाटपाचा कठीण भाग हे पुस्तक बाजूला सारते. वस्तुनिष्ठ निकष लावा, असे फिशर आणि युरी सुचवतात. पण बाजारभाव हा निकष, की दूधवाल्याचा खर्च हा निकष? निकष कोणता, यावरच पुन्हा घासाघीस होते.

या पेचातून अंशतः सुटण्याचा एक मार्ग आहे. दूधवाल्याने व्याजाविषयी काही न बोलता दोन प्रस्ताव एकदम ठेवावेत: ‘दोन महिन्यांनी पैसे देणार असाल तर ५९ रुपये, लगेच देणार असाल तर ५७ रुपये.’ खाणावळीसाठी दोन महिने थांबण्याची किंमत लिटरमागे साठ पैशांच्या आत आहे, म्हणून ती दुसरा प्रस्ताव निवडेल. निवडीतूनच कळते, की मुदत कोणाला किती मोलाची आहे. अर्थात दोन दरांतले अंतरही काही सुचवतेच, त्यामुळे हे कवच पूर्ण नाही. आणि शेवटी कोण किती ताणू शकतो, हे दूधवाल्याला दुसरे गिऱ्हाईक आणि खाणावळीला दुसरा दूधवाला मिळतो का, यावर अवलंबून राहते.

सिनाईचे उदाहरण पुन्हा वाचताना

पुस्तकातील सर्वांत वजनदार उदाहरण सिनाईचे आहे. १९६७ च्या युद्धापासून हा इजिप्तचा प्रदेश इस्राएलच्या ताब्यात होता. सिनाईचे तुकडे पाडणारा कोणताही नकाशा दोघांना मान्य होईना. सप्टेंबर १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी सादात आणि बेगिन यांना कॅम्प डेव्हिड येथे तेरा दिवस वाटाघाटींसाठी ठेवले. पुस्तकाचे विश्लेषण असे, की इजिप्तला सार्वभौमत्व हवे होते आणि इस्राएलला सुरक्षितता. म्हणून सगळा सिनाई इजिप्तला परत मिळाला आणि त्याचा मोठा भाग लष्करमुक्त ठरला.

हे विश्लेषण बरोबर आहे, पण अपुरे आहे. सिनाईत इस्राएली वसाहती होत्या. त्या ठेवायच्या की उठवायच्या, याला साल आणि गर असे उत्तर नव्हते. बेगिन यांनी तो निर्णय आपल्या संसदेवर सोपवला आणि वसाहती अखेर उठवल्या गेल्या. सिनाईतील विमानतळ सोडण्याच्या बदल्यात नेगेव वाळवंटात दोन नवे विमानतळ उभारायला अमेरिकेने मदत केली. म्हणजे भाकरी काही अंशी मोठी झाली, ती तिसऱ्याने पीठ आणल्यामुळे. आणि त्याच वेळी सही झालेला पश्चिम किनारा आणि गाझाविषयीचा दुसरा दस्तऐवज तडीस गेला नाही. ज्या पॅलेस्टिनी लोकांविषयी तो होता, ते त्या टेबलाशी नव्हते. दोन बाजूंना वाटून घेता येणारा फायदा शोधताना तो तिसऱ्याच्या ताटातून तर येत नाही ना, हे तपासायला पुस्तक आपल्याला शिकवत नाही.

निष्कर्ष

ठरलेल्या भाकरीचा समज तपासण्याची सवय हे ‘गेटिंग टू येस’चे खरे देणे आहे. त्यासाठी ते जरूर वाचावे. मात्र भाकरी नेहमी वाढतेच, हेही तितकेच न तपासलेले गृहीतक ठरू शकते. एकच मुद्दा असेल, दोघांना तो सारखाच महत्त्वाचा असेल आणि पुन्हा व्यवहार होणार नसेल, तर ती वाटाघाट वितरणात्मकच असते. तुमचा तोडगा बरोबर मध्यावर निघाला आणि चर्चा फक्त एकाच आकड्यावर झाली असेल, तर मात्र थांबा. काहीतरी टेबलावरच राहून गेले असण्याची ती खूण आहे.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात खाणावळीला बँकेत महिना २ टक्के व्याज मिळत असते, तर मुदत बदलून किती फायदा निर्माण झाला असता? कारण सांगा.

२. दूधवाल्याने ५९ आणि ५७ ऐवजी ५९ आणि ५८ रुपये ७५ पैसे असे दोन प्रस्ताव ठेवले असते, तर खाणावळीने कोणता निवडला असता? त्यातून कोणाचे नुकसान झाले असते?

३. तुमच्या परिसरातील एखादी भाडे किंवा मजुरीची वाटाघाट घ्या. त्यात दराव्यतिरिक्त कोणते मुद्दे चर्चेला आलेच नाहीत, आणि त्यांचे मोल दोन्ही बाजूंना किती वेगळे होते, ते आकड्यांत मांडा.