आवाज आधी, चेहरा मागून

नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरच्या क्लोद लान्झमन यांच्या ‘शोआ’ (1985) या माहितीपटाच्या सुरुवातीला शिमॉन स्रेब्निक पोलंडमधल्या खेल्मनो गावच्या नदीतून नावेने जातात. तेरा वर्षांचे असताना याच नदीवर नाझी पहारेकरी त्यांना गाणी म्हणायला लावत. नाव संथ सरकत असते आणि गावकऱ्यांचे आवाज ऐकू येतात. तो मुलगा, त्याचा गोड गळा, सगळं त्यांना आठवतं आहे. पण बोलणारे अजून दिसलेले नाहीत. त्यामुळे त्यांची आठवण थेट त्या नावेतल्या, आता प्रौढ झालेल्या माणसाला जाऊन बिलगते.

पुढे स्रेब्निक एका मोकळ्या माळावर येतात. माणसं जाळली ती जागा हीच, हे ते ओळखतात. काही वेळाने ते दूरवर ठिपक्याएवढे दिसतात, आवाज मात्र आपल्या कानाशीच राहतो.

संकलनाच्या भाषेत पहिल्या युक्तीला जे-कट म्हणतात, तर चेहरा सोडून आवाज पुढे नेण्याला एल-कट. टाइमलाइनवर चित्राची पट्टी वर असते आणि आवाजाची खाली. आवाज आधी सुरू झाला की खालची पट्टी डावीकडे बाहेर येते आणि इंग्रजी ‘जे’चा आकार होतो. चित्र संपल्यावरही आवाज चालू राहिला, तर ‘एल’चा पाय उजवीकडे पसरतो. रोजच्या मुलाखतीत उत्तराचा आवाज चेहऱ्याच्या अर्धा सेकंद आधी आला, म्हणजे सेकंदाला 24 या हिशेबाने 12 फ्रेम आधी, तरी सांधा जाणवत नाही. ‘शोआ’ हाच अर्धा सेकंद ताणून कित्येक मिनिटांचा करतो.

हे कशासाठी, ते माळावर कळतं. वाक्य संपलं, तोंड मिटलं आणि मग गवत दिसलं असतं, तर ते नुसतं निसर्गदृश्य झालं असतं. आवाज चालू असताना गवत दिसतं, म्हणून ऐकलेलं डोळे तिथे शोधू लागतात. सापडत काहीच नाही. लान्झमन यांनी जुनं चित्रीकरण अजिबात वापरलेलं नाही. दाखवायला काही उरलेलं नाही, हेच दाखवायचं असेल तर आवाजाला चेहऱ्यापासून सुटावंच लागतं. दुसरे साक्षीदार फिलिप म्युलर ऑशवित्झच्या स्मशानभट्टीतल्या आपल्या पहिल्या दिवसाबद्दल सांगतात, तेव्हा कॅमेरा हातात धरून कोणीतरी त्याच वाटेने तिकडे चालत जातं. आवाज वाट दाखवतो आणि आपली पावलं त्याच्या मागे पडतात.

चेहऱ्यावर नेमका कुठे काप द्यायचा, यात संकलकाचं कौशल्य लागतं. पूर्णविरामावर काप दिला की बोलणं आणि जागा वेगळी पडतात. जड शब्दाच्या थोडं आधी दिला, तर तो शब्द गवतावर पडतो. बंद खोलीतला आवाज उघड्या माळावर घालताना त्याखाली माळाचाही वारा हलका ठेवावा लागतो. नाहीतर बोलणारा थांबला की ध्वनिपट्टीत भोक पडल्यासारखं वाटतं.

पण या सोयीला एक दुसरी बाजू आहे. चेहरा दिसत नसला की त्या आवाजातलं वाक्य गाळता येतं, दोन वाक्यं जवळ आणता येतात, मध्ये शांतताही घालता येते. सुमारे साडेतीनशे तासांच्या चित्रीकरणातून साडेनऊ तासांचा चित्रपट घडवताना झिवा पोस्टेक या संकलिकेनेही अशा निसर्गदृश्यांच्या आधाराने बोलणं आटोपशीर केलं आणि श्वास घ्यायला जागा केली. ऐकणाऱ्याला हे कळू शकत नाही. म्हणून गवतावर ऐकू येणारी शांतता साक्षीदाराची की संकलकाची, हा प्रश्न तिथे उरतोच.

आता अब्राहम बोम्बा यांचा प्रसंग पाहू. ट्रेब्लिंकाच्या गॅस चेंबरमध्ये त्यांना बायकांचे केस कापावे लागले होते. चित्रपटात ते इस्रायलमधल्या एका सलूनमध्ये एका माणसाचे केस कापत इंग्रजीत बोलतात. त्यांच्याच गावचा एक न्हावी मित्र तिथे काम करत होता आणि त्याची बायको व बहीण आत आल्या, इथवर सांगून ते थांबतात. पुढचा शब्द फुटत नाही. ते टॉवेलने तोंड पुसतात. लान्झमन बोलत राहायला विनवतात. पोलंडचं एखादं जंगल इथे सहज घालता आलं असतं, पण कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नाही.

इथे आवाज आणि चित्र एकमेकांना घट्ट धरून ठेवलेले आहेत, कारण इथे मौन हीच साक्ष आहे. ते खरं आहे याचा पुरावा फक्त न तुटलेला चेहरा देऊ शकतो. आधीच्या प्रसंगांत आवाज इतका मोकळा फिरला, म्हणूनच आता तो चेहऱ्यापाशी अडकलेला पाहणं सहन होत नाही.

मुलाखत जोडताना चेहऱ्यावरून निघायची घाई झाली की मला बोम्बा आठवतात. शब्द जागेचे असतील तर आवाजाला जाऊ द्यावं. माणूस गप्प झाला असेल, तर त्याच्यापाशीच थांबावं.