वचनाच्या क्षणीचा उद्देश : ठकवणूक आणि करारभंग यांमधील सीमारेषा

दंडविधानातील ठकवणुकीच्या व्याख्येला जोडलेल्या दृष्टांतांत निळीच्या रोपांचा एक दृष्टांत आहे. एक मनुष्य ठरावीक प्रमाणात निळीची रोपे देण्याचे कबूल करतो आणि त्या भरवशावर दुसऱ्याकडून आगाऊ रक्कम घेतो. रोपे द्यावयाची नाहीत हे त्याने रक्कम घेतानाच मनाशी ठरविले असेल, तर ती ठकवणूक होय. परंतु रक्कम घेताना देण्याचा उद्देश असून पुढे त्याने करार मोडला, तर तो केवळ दिवाणी दाव्यास पात्र ठरतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४१५ खाली असलेला हा दृष्टांत, १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्येही कायम राहिला आहे. निळीचा व्यापार मागे पडला. दृष्टांत मात्र टिकला. त्याचे कारण असे की, त्यात सांगितलेली अडचण मालावर अवलंबून नाही. दोन्ही प्रसंगी बाहेरून दिसणाऱ्या घटना एकच आहेत : वचन दिले, पैसे घेतले, माल दिला नाही. भेद आहे तो केवळ एका क्षणी एका मनुष्याच्या मनात काय होते एवढ्याचाच. आणि त्या भेदावर एकीकडे नुकसानभरपाई, तर दुसरीकडे सात वर्षांपर्यंतचा कारावास अवलंबून आहे.

हा भेद न्यायालये कसा ठरवितात? २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे सूत्र मांडले, ते आज जवळजवळ प्रत्येक निकालपत्रात आढळते. ठकवणूक आणि करारभंग यांतील भेद सूक्ष्म आहे. प्रवृत्त करण्याच्या वेळी आरोपीचा उद्देश काय होता यावर तो अवलंबून असतो. हा उद्देश नंतरच्या वर्तनावरून अजमावता येईल, परंतु नंतरचे वर्तन ही एकमेव कसोटी नव्हे, असा त्याचा आशय आहे. सूत्र निर्दोष आहे, पण अपुरे आहे. नंतरचे वर्तन केव्हा पुरावा होते आणि केव्हा होत नाही, हे ते सांगत नाही. परिणामी त्याच सूत्राचा आधार घेऊन एखादी फिर्याद रद्द करता येते आणि तशीच दुसरी चालूही ठेवता येते. या प्रश्नाचे अधिक नेमके उत्तर त्याहून जुन्या एका निकालात दडलेले आहे. मात्र त्याचा उल्लेख जितका होतो, तितके त्याचे विश्लेषण होत नाही.

तो निकाल म्हणजे महादेव प्रसाद विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य (१९५४). व्यवहार कलकत्त्याचा, मे १९५१ मधला. आरोपीने एका व्यापाऱ्याकडून कथलाच्या पंचवीस लगडी विकत घेण्याचे ठरविले. किंमत सुमारे सतरा हजार रुपये होती, आणि माल हाती पडताच रोख रक्कम द्यावयाची अशी अट होती. फिर्यादीचा जमादार लगडी घेऊन आरोपीच्या गादीवर गेला. आरोपीने माल ताब्यात घेतला, पण पैसे दिले नाहीत. जमादाराला बसवून ठेवून तो स्वतः बाहेर निघून गेला. बराच वेळ वाट पाहून जमादार रिकाम्या हाताने परतला. पैसे देण्याची इच्छा होती परंतु ते जमले नाहीत, असा आरोपीचा बचाव होता. न्यायालयाने प्रथम तत्त्व स्पष्ट केले : रोख देण्याचे वचन देताना ते पाळण्याचा उद्देश असेल, तर नंतर पैसे न दिल्याने व्यवहार ठकवणुकीचा होत नाही, पण तसा उद्देश मुळीच नसून केवळ माल पदरात पाडण्यासाठी वचन उच्चारले असेल, तर ठकवणूक सिद्ध होते. त्यानंतर न्यायालय पुराव्याकडे वळले आणि अखेरीस दोषसिद्धी कायम केली.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, पैसे दिले नाहीत या एका गोष्टीवरून न्यायालयाने उद्देशाचे अनुमान काढले नाही. त्याने आधार घेतला तो दोन निराळ्या प्रकारच्या गोष्टींचा. बँकेतील आरोपीचे ओव्हरड्राफ्ट खाते व्यवहाराच्या आधीच मर्यादेच्या जवळ येऊन ठेपले होते आणि सतरा हजार रुपये रोख देण्याची तजवीज त्याच्यापाशी दिसत नव्हती. ही वस्तुस्थिती वचनाच्या पूर्वीची असून ती आरोपीला ठाऊक होती. दुसरे असे की, माल हाती येताच तो बँकेकडे नजरगहाण टाकण्यात आला. ही घटना वचनानंतरची खरी. पण ती इतकी लगतची आहे की मधल्या वेळात आरोपीचे मन पालटले असे मानावयास जागाच उरत नाही. ज्या मालाच्या बदल्यात तात्काळ रोख द्यावयाची, तो मालच अन्यत्र गुंतविणे हे वचनाशी विसंगत आहे, आणि ती विसंगती वचनाच्या क्षणापर्यंत मागे पोहोचते.

यावरून पुराव्याची एक विभागणी हाती लागते. वचनापूर्वीच अस्तित्वात असलेली व वचन देणाऱ्याला माहीत असलेली परिस्थिती हा पहिला वर्ग. वचनाला इतकी जवळची की मनःपरिवर्तनाला अवकाशच ठेवीत नाही अशी कृती हा दुसरा. उरलेले सर्व नंतरचे वर्तन तिसऱ्या वर्गात येते : तगाद्यांना उत्तर न देणे, भेट टाळणे, उडवाउडवी करणे, हिशेब नाकारणे. हा तिसरा वर्ग फिर्यादीला सर्वांत बोचणारा असतो आणि फिर्यादीत बहुधा त्याचेच सविस्तर वर्णन असते. परंतु प्रारंभी प्रामाणिक असून पुढे बुडालेला ऋणको आणि प्रारंभापासूनच लबाड असलेला ठक हे दोघेही तगादेदाराला सारखेच टाळतात. दोन्ही गृहीतकांशी जे सारखे जुळते, ते त्यांपैकी कोणतेही सिद्ध करीत नाही.

१९७३ मधील हरि प्रसाद चमारिया विरुद्ध बिशुन कुमार सुरेखा हा निकाल या दृष्टीने वाचला म्हणजे स्पष्ट होतो. फिर्यादीने धंदा सुरू करण्यासाठी रक्कम दिली. प्रतिपक्षाने तो धंदा स्वतःच्या नावाने चालविला आणि पुढे हिशेब देण्याचे नाकारले. हे सर्व खरे धरले तरी रक्कम घेताना लबाडीचा उद्देश होता असे त्यातून दिसत नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ठकवणुकीचा आरोप टिकू दिला नाही. फिर्यादीवर अन्याय झाला नाही असा याचा अर्थ नव्हे. त्याने सांगितलेल्या गोष्टी तिसऱ्या वर्गातल्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ.

महादेव प्रसाद निकालाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. ओव्हरड्राफ्ट मर्यादेपर्यंत वापरणे ही व्यापारात नित्याची गोष्ट आहे. तेवढ्यावरून कोणी ठक ठरत नाही. कथलाच्या व्यवहारात तिला वजन आले ते 'माल हाती पडताच रोख' या अटीमुळे. हाच माल तीस दिवसांच्या उधारीवर घेतलेला असता, तर खात्यातील तीच रक्कम जवळजवळ निरर्थक ठरली असती. कारण तीस दिवसांत माल विकून पैसे उभे करण्याची आशा व्यापारी प्रामाणिकपणे बाळगू शकतो. म्हणजेच ऐपतीचा पुरावा हा नेहमी वचनाच्या मुदतीच्या संदर्भात वाचावा लागतो. मुदत जितकी दूर, तितका तो दुर्बळ. दिवाळखोरीच्या काठावर उभे राहून धाडसाने घेतलेले कर्ज अविवेकी असेल. परंतु फेडण्याची खरी आशा जोवर शिल्लक आहे, तोवर ते अप्रामाणिक नव्हे.

दुसरी अडचण कार्यवाहीच्या टप्प्याची आहे. १९५४ चा निर्णय संपूर्ण पुरावा नोंदविल्यानंतरचा होता. आज पुष्कळसे निर्णय फिर्याद रद्द करण्याच्या अर्जावर होतात, आणि तेथे न्यायालयापुढे पुरावा नसून केवळ कथन असते. १९९९ च्या राजेश बजाज प्रकरणात, तयार कपड्यांची निर्यात करणाऱ्या फिर्यादीचा माल घेऊन परदेशी ग्राहकाने बहुतांश किंमत थकविली होती. व्यवहार व्यापारी आहे म्हणून ठकवणूक संभवत नाही, ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. गुन्ह्याचा प्रत्येक घटक फिर्यादीत शब्दशः मांडलाच पाहिजे असे नाही, असे म्हटले आणि तपास पुढे चालू दिला. उलट, पुढच्याच वर्षी वर्मा प्रकरणात जमीनविक्रेत्यांनी मालकीविषयीचा प्रलंबित दावा लपविला असा आरोप असूनही, प्रारंभीच्या अप्रामाणिक उद्देशाचे कथन फिर्यादीत नाही या कारणाने फिर्याद रद्द झाली. मनातील गोष्ट तपासापूर्वी फिर्यादीला कशी कळणार, हा पहिल्या निकालामागचा विचार. आणि दिवाणी येणे वसूल करण्यासाठी फौजदारी धाक वापरला जाऊ नये, ही दुसऱ्यामागची काळजी. दोन्ही रास्त आहेत. परंतु 'आरोपीचा उद्देश प्रथमपासूनच लबाडीचा होता' हे एक वाक्य फिर्यादीत आहे की नाही, यावर दोहोंतील निवड सोपविणे रास्त नाही. ते वाक्य कोणताही वकील लिहू शकतो.

वरील विभागणीचा खरा उपयोग येथे आहे. प्राथमिक टप्प्यावर न्यायालयाने विचारावयाचा प्रश्न असा : फिर्यादीत सांगितलेल्या घटनांपैकी एक तरी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गात बसते काय? वचन देताना केलेले एखादे खोटे विधान, जाणूनबुजून दडविलेली एखादी गोष्ट, त्याच सुमारास अनेकांना दिलेली तशीच वचने, मिळताच अन्यत्र वळविलेला माल किंवा पैसा, यांपैकी काही असेल, तर उद्देशाचे वाक्य नसले तरी तपासाला आधार आहे. काहीच नसेल, तर ते वाक्य दहा वेळा लिहूनही आधार निर्माण होत नाही. वर्मा प्रकरणातील प्रलंबित दावा या कसोटीवर अधिक बारकाईने तपासला गेला असता. कारण तो वचनापूर्वीचा होता, आणि वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे लपविणे हीसुद्धा फसवणूकच होय, असे व्याख्येचे स्पष्टीकरणच सांगते. प्रश्न उरला असता तो एवढाच की, ते लपविणे हेतुपुरस्सर होते की काय. आणि तो प्रश्न पुराव्याचा आहे.

हप्त्याहप्त्याने माल घेतला जातो अशा व्यवहारात 'प्रारंभ' या शब्दाचा अर्थही काळजीपूर्वक घ्यावा लागतो. पहिल्या तीन खेपांच्या वेळी पैसे देण्याचा उद्देश असेल, आणि चौथ्या खेपेपूर्वी देणे अशक्य आहे हे कळूनही जुन्या भरवशावर माल मागविला असेल, तर चौथ्या खेपेपुरता प्रारंभ तेथेच आहे. कराराची तारीख नव्हे, तर त्या त्या मालाचा ताबा देण्यास समोरच्याला प्रवृत्त केल्याचा क्षण निर्णायक असतो. निळीच्या दृष्टांतातही शब्द आहेत ते रक्कम मिळविण्याच्या वेळेविषयीचे, करार लिहिण्याच्या वेळेविषयीचे नव्हेत.