यादी म्हणजे आढावा नव्हे : एका लघुप्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाविषयी

गेल्या उन्हाळ्यात समाजशास्त्रात एम. ए. करणारी एक विद्यार्थिनी तिच्या लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. विषय होता बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया. आपल्याकडच्या बोलीत ‘पिशवीचं ऑपरेशन’. प्रकरणाचं नाव ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’. पानं चौतीस, संदर्भ त्रेचाळीस. मार्गदर्शकांनी शेरा मारला होता, ‘अजून संदर्भ वाढवा.’

मला मात्र संदर्भ कमी वाटले नाहीत. त्यांचं एकमेकांशी बोलणंच होत नव्हतं. प्रत्येक परिच्छेद एका लेखकाच्या किंवा अहवालाच्या नावाने सुरू होत होता आणि ‘असे मत मांडले आहे’ यावर संपत होता. मी तिला कात्री आणायला सांगितली. परिच्छेद कापून वेगळे केले, पत्त्यांसारखे पिसले आणि पुन्हा ओळीने लावले. तिला वाचायला दिलं. वाचून ती म्हणाली, “काका, काहीच बिघडलं नाही की.” दोष नेमका तोच होता. परिच्छेद कुठेही हलवले आणि काहीच बिघडलं नाही, तर ती यादी असते. आढाव्यात दुसरा परिच्छेद पहिल्यावर उभा असतो. तो हलवला की इमारत हलते.

हा दोष दिसायला फक्त लेखनाचा आहे. पण त्यातून चुकीचं विधान कसं जन्माला येतं, ते याच प्रकरणात दिसलं. एका पानावर तीन आकडे ‘तसेच’ या शब्दाने जोडलेले होते. पहिला, पुण्यातल्या एका महिला आरोग्य संस्थेच्या २०१८ च्या पाहणीतला : सुमारे २०० महिलांपैकी ३६ टक्के महिलांचं ऑपरेशन झालेलं. दुसरा, जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत दिलेला : २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया. तिसरा, त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या वेळचा : ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. आणि त्याखाली तिचा निष्कर्ष : ‘यावरून हे प्रमाण झपाट्याने वाढत असल्याचे दिसून येते.’

४,६०५ नंतर १३,८६१ आले म्हणजे आकडा काही महिन्यांत तिप्पट झाला, असं तिला वाटलं होतं. तिन्ही स्रोत खरे, तिन्ही आकडे बरोबर उतरवलेले, आणि तरी निष्कर्ष पूर्ण चुकीचा. कारण हे आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि ते प्रश्न तिने लिहिलेच नव्हते.

बीडच्या माणसाला हे विहिरीवरून समजतं. विहिरीत किती पाणी आहे हा एक प्रश्न, आणि रोज झऱ्यातून किती येतं हा दुसरा. ४,६०५ हा झरा आहे : तीन वर्षांत नव्याने झालेल्या शस्त्रक्रिया. १३,८६१ हा साठा आहे : आजवर कधीही, कुठेही ऑपरेशन झालेल्या बायका. झरा आणि साठा एकाखाली एक लिहून ‘वाढ’ काढता येत नाही. उलट दोन्ही एकत्र ठेवले तर वेगळी गोष्ट दिसते. ४,६०५ म्हणजे वर्षाला साधारण १,५३५. त्या सगळ्या ऊसतोडीच्याच बायका होत्या असं क्षणभर धरलं, तरी १३,८६१ चा साठा भरायला नऊ वर्षं लागतील. प्रत्यक्षात त्या ४,६०५ मध्ये शेतकरी, शिक्षिका, दुकानदाराची बायको अशा सगळ्याच आल्या. शिवाय सरकारी दवाखाना आणि जिल्ह्याबाहेरचे दवाखाने त्यात नाहीत. म्हणजे गणित काटेकोर नाही, पण दिशा सांगतं : ही २०१९ मध्ये अचानक उद्भवलेली साथ नव्हती, ती बरीच वर्षं चालत आलेली गोष्ट होती. तिच्या निष्कर्षाच्या बरोबर उलट.

आता ३६ टक्क्यांचं पाहू. समितीच्या आकड्यांवरून प्रमाण निघतं जवळजवळ १७ टक्के, म्हणजे सहा जणींत एक. एकीकडे १७, एकीकडे ३६. यादीत दोन्ही सुखाने शेजारी राहतात. आढाव्यात ते भांडले पाहिजेत. २०० बायका सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या, तरी नशिबाने सहा-सात टक्क्यांचा फरक पडू शकतो. ३६ चे २९ होतील, १७ होणार नाहीत. म्हणजे फरक नशिबाचा नाही, कुणाला विचारलं याचा आहे. चाळिशीतल्या बायका जास्त होत्या का? तक्रार असलेल्याच बोलायला पुढे आल्या का? गावं कोणती घेतली? आढावा लिहिणाऱ्याने अहवालाच्या निष्कर्षाचं पान उतरवण्याआधी पद्धतीचं पान उघडून ही उत्तरं काढायची असतात. ते न केल्याने तिच्या प्रकरणात पुढे दोन ठिकाणी ‘बीडमधील ३६ टक्के महिला’ असं वाक्य आलं होतं. दोनशे ऊसतोड बायकांचा आकडा जिल्ह्यातल्या बारा लाखांहून जास्त बायकांवर जाऊन बसला होता. उद्या कुणी तिचा प्रबंध वाचून तेच वाक्य उतरवील. ‘बिनपिशवीची गावं’ असा शिक्का जिल्ह्यावर बसला, त्याचा त्रास इथल्या लेकी भोगतात. तो शिक्का प्रबंधाने तरी गडद करू नये.

हे सगळं बोलत असताना तिने मान खाली घालून विचारलं, “मग माझी आई यातल्या कोणत्या आकड्यात येते?” तिच्या आईचं ऑपरेशन २०११ मध्ये शेजारच्या जिल्ह्यात झालं. त्यानंतर कंबर धरली, मोळी उचलवेना, आणि दोन हंगामांनंतर तिने ऊसतोड सोडली. आम्ही एकेक आकडा तपासला. चार हजार सहाशे पाचमध्ये ती नाही, कारण वर्ष आधीचं आणि दवाखाना बाहेरचा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनाच विचारलं असेल तर १३,८६१ मध्येही नाही, कारण ती आता जात नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की जिला ऑपरेशनने सगळ्यात जास्त मोडलं, तीच मोजणीतून गळते. १७ टक्के हा आकडा या बाजूने कमी असू शकतो. त्रेचाळीस संदर्भांपैकी एकानेही तिला हे सांगितलं नव्हतं. दोन संदर्भ आणि एक बाई समोरासमोर ठेवल्यावर ते कळलं.

मग आम्ही एक तक्ता आखला. डावीकडे संदर्भांची नावं. वर पाच प्रश्न : कुणाला विचारलं, वय काय, झरा मोजला की साठा, तुलना कुणाशी, कारण काय दिलं. वही आडवी धरून तिने दोन दिवसांत तो भरला. यादी आडव्या ओळींत वाचली जाते, आढावा उभ्या रकान्यांत. ‘कारण’ हा रकाना वरून खाली वाचला तेव्हा त्रेचाळीस मतांची तीनच मतं उरली. काहींच्या मते दोष खासगी डॉक्टरांचा : अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढायची. काहींच्या मते मुकादमाचा : पाळीत खाडा नको. काहींच्या मते बाईचाच हिशेब : मुलं झाली, नसबंदी झाली, आता पिशवी हवी कशाला.

तिच्या यादीत यान ब्रेमन यांचा बारडोलीच्या ऊसतोडीवरचा सत्तरच्या दशकातला अभ्यासही होता, पण ‘स्थलांतर’ या वेगळ्या उपशीर्षकाखाली, अगदी एकटा. त्यात खानदेशातून गुजरातेत जाणारे मजूर आहेत, कोयता हे जोडप्याचं एकक आहे आणि आगाऊ रकमेत बांधलेलं श्रम आहे. आरोग्याचा त्याच्याशी संबंध नाही असं तिला वाटलं होतं. मी म्हणालो, तो उचलून त्या तीन कारणांच्या मधोमध ठेव. उचल कोयत्याला मिळते, एकट्या माणसाला नाही. म्हणून बाई एक दिवस पडली तर खाडा जोडप्याच्या हिशेबात लागतो आणि उचल फिटत नाही. फडावर ना संडास ना पाणी. आता डॉक्टरची भीती, मुकादमाचा दट्ट्या आणि बाईचा हिशेब ही तीन परस्परविरोधी मतं राहत नाहीत. उचलीमुळे आजारपण परवडत नाही; ते परवडत नाही म्हणून ‘एकदाच काय ते काढून टाका’ हा सल्ला बाईला पटतो. जुळवणी म्हणजे हेच : सगळ्यांचं खरं म्हणणं नव्हे, तर कुणाचं म्हणणं कुणाच्या आत बसतं हे दाखवणं.

पण तक्त्यातला चौथा रकाना, ‘तुलना कुणाशी’, जवळपास रिकामा निघाला. बहुतेकांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीतल्या देशाच्या सरासरीशी, म्हणजे सुमारे ३ टक्क्यांशी, तुलना केली होती. ती सरासरी १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायकांची. तीत पंधरा वर्षांच्या मुलीही आल्या. आणि त्याच सर्वेक्षणात आंध्र आणि तेलंगणाचं प्रमाण देशाच्या दुपटीहून जास्त आहे. तिथलं प्रमाण काही आपल्या कोयत्यामुळे वाढलेलं नाही. म्हणजे केवळ ऊस हे कारण पुरत नाही. ग्रामीण भागातली खासगी वैद्यकी हे स्वतंत्र कारण असू शकतं. दोन्ही वेगळी करायची तर एकाच गावातल्या, एकाच वयाच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या बायका शेजारी ठेवून विचारावं लागेल. तिच्या त्रेचाळीस संदर्भांत हे कुणी केलेलं नव्हतं. आढाव्याचं काम इथे संपतं आणि तिच्या स्वतःच्या संशोधनाचं इथे सुरू होतं. ‘अजून संदर्भ वाढवा’ या शेऱ्याने ही रिकामी जागा कधीच दिसली नसती. तीस संदर्भ वाढले असते आणि ती अधिकच झाकली गेली असती.

तिने प्रकरण पुन्हा लिहून आणलं. चौतीस पानांची पंधरा झाली. त्यातला एक परिच्छेद तिच्या परवानगीने देतो : ‘उपलब्ध आकडे एकमेकांचे विरोधी वाटतात, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. रुग्णालयांचा आकडा तीन वर्षांतील नव्या शस्त्रक्रियांचा आहे व त्यात सर्व स्त्रिया येतात. समितीचा आकडा ऊसतोड स्त्रियांमधील आजवरच्या शस्त्रक्रियांचा आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतर काम सोडलेल्या स्त्रिया त्यात सुटण्याची शक्यता आहे. त्यामुळे प्रमाण वाढते आहे की नाही, हे या आकड्यांवरून ठरत नाही. ते सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे, एवढे ठरते. परंतु त्यातील उसाचा वाटा किती, हे न जाणाऱ्या स्त्रियांशी तुलना केल्याशिवाय सांगता येणार नाही.’

या परिच्छेदातली वाक्यं पिसून पाहा. एकही जागचं हलत नाही.

हा अंक हाती येईल तेव्हा आमच्या भागातले कोयते ट्रकांत चढलेले असतील. ती यंदा एका गावात थांबणार आहे, जे गेले नाहीत त्यांच्या घरी. जाणाऱ्यांना ती आधीच भेटून आली आहे. दोन्हींची यादी तिच्याकडे आहे, वयाच्या रकान्यासकट.